'मोटर आहे का?' एवढाच मेसेज आला, तर रेट सांगायचा का नाही?

मोटर-पाइप, अंबड
दुकानाच्या व्हॉट्सॲपवर रोज पंधरा-वीस जण नुसतं 'मोटर आहे का', 'रेट सांगा' नाहीतर 'हाय' टाकतात. रेट सांगितला की पुढं गप्प. नाही सांगितला तर म्हणतात, शेठ उत्तरच देत नाहीत. पहिल्या मेसेजला तुम्ही काय लिहिता?

पाइपवाला, बीड
रेट अजिबात नाही. 'दुकानात या' किंवा 'फोन करा', बस. एक दुकानदार नुसत्या मोटर-पंपाचा भाव सांगतो, दुसरा पॅनल आणि केबल धरून सांगतो. गिऱ्हाईक दोन्ही आकडे शेजारी ठेवतं आणि दुसऱ्याला महाग ठरवतं. आपण लिहिलेला आकडा फोटो होऊन बाजारभर फिरतो.

पंपसेट, लातूर
बीडवाले भाऊ, आकडा फिरतो हे खरं. पण 'फोन करा' लिहिलं की तो माणूस तेवढ्यात दुसऱ्या तिघांना तेच विचारून मोकळा होतो. उत्तर द्यायचं, फक्त आकड्याच्या आधी एक प्रश्न विचारायचा. एकच. 'किती एचपी, किती स्टेज, सिंगल का थ्री फेज, बोअर किती इंची' असं एका दमात लिहिलं की समोरचा तिथंच थांबतो. त्यातलं निम्मं त्याला ठाऊक नसतं, आणि ठाऊक नाही असं लिहायला माणूस संकोचतो.

मी असं लिहितो:

'राम राम भाऊ. आहे. बोअरला पाहिजे का विहिरीला?'

याचं उत्तर कुणालाही देता येतं. 'बोअर' आलं की दुसरा मेसेज: 'जुनी मोटर किती पाइपावर सोडली होती? पाइप लोखंडी होते का प्लास्टिकचे?'

बोअर किती फूट, हे विचारण्यापेक्षा पाइप विचारा. बोअर मारला तेव्हाची खोली कुणी अंदाजानं सांगतं, कुणी वाढवून सांगतं. मोटर ओढताना पाइप मात्र स्वतः मोजलेले असतात.

शेतकरी, औसा तालुका
आमच्या बाजूनं सांगतो. 'मोटर आहे का' असं लिहितो कारण मोटर जळाल्यावर दुसरं काय लिहावं ते कळत नाही. पाणी बंद, ऊस वाळतोय, अन् दुकानदार इंच विचारतो. वरचा पाइपाचा प्रश्न आला तर मी लगेच उत्तर देईन. आमचे पंधरा होते.

पंपसेट, लातूर
दादा, लोखंडी का प्लास्टिकचे?

शेतकरी, औसा तालुका
लोखंडी.

पंपसेट, लातूर
मग हेच उदाहरण घेऊ. लोखंडी पाइप 20 फुटी असतो. पंधरा म्हणजे 300 फूट. पंपाच्या पट्टीवर हेड मीटरमध्ये असतं, म्हणून 3.28 नं भागायचं, 91 मीटर झाले. बोअरपासून पाणी सोडायच्या जागेपर्यंतचा चढ आणि पाइपातलं घर्षण धरून शंभराच्या पुढं काम करणारा पंप दाखवायचा. पट्टीवर 60 ते 80 मीटर लिहिलेला इथं चालणार नाही. पाणी बोअरच्या तोंडापर्यंत आलं तरी करंगळीएवढी धार येईल.

आता दादांनी 'प्लास्टिक' म्हटलं असतं तर? बोअरचा कॉलम पाइप 3 मीटरचा, म्हणजे साधारण 10 फुटी. तेच पंधरा पाइप, पण 150 फूट, 46 मीटर. तिथं शंभर मीटरचा पंप सोडला की तो गरजेपेक्षा जास्त पाणी फेकतो, अँपिअर जास्त खेचतो, आणि वाइंडिंग तापून मोटर जळायची पाळी येते. एका शब्दावर निम्म्याचा फरक आहे. म्हणून पहिल्या मेसेजलाच आकडा लिहिणं मला पटत नाही, आणि गप्प बसणंही पटत नाही.

इलेक्ट्रिकल, परभणी
एवढं कशाला? जुन्या मोटरच्या पट्टीचा फोटो मागवा. एचपी, हेड, फेज सगळं त्यावर असतं. एका फोटोत काम होतं.

पंपसेट, लातूर
मोटर बाहेर काढलेली असेल तर फोटो मागवाच. पण मेसेज येतो तेव्हा बऱ्याचदा ती बोअरमध्येच असते, आणि लोक स्टार्टरच्या डब्याचा फोटो पाठवतात. त्यावरून एचपी कळेल, हेड कळत नाही. दुसरं असं, की पट्टी जुन्या पाण्याची असते. आपल्याकडं दोन-तीन वर्षांत पाणी खाली जातं, मग पट्टीप्रमाणं दिलेली मोटर नवी असूनही कमी पडते. फोटोसोबत 'उन्हाळ्यात पाइप वाढवले होते का' हे विचारा.

इलेक्ट्रिकल, परभणी
हे ध्यानात आलं नव्हतं. पाइप वाढवल्याचं विचारायला पाहिजे.

साडी सेंटर, नांदेड
माझ्याकडं पण 'प्राइस?' एवढंच येतं, कोणत्या साडीची ते नाही. बिझनेस ॲपमध्ये ग्रीटिंग लावलं आहे, आपोआप जातं. तुम्ही पण ते लावा, प्रश्नच मिटला.

मोबाइल शॉपी, हिंगोली
ताई, मिटत नाही. ते ग्रीटिंग नव्या माणसाला जातं, किंवा 14 दिवस काही बोलणं झालं नसेल तर. परवा बोललेल्या गिऱ्हाइकाला आज जाणार नाही. आणि त्यात 'नाव, गाव, काम लिहा' असलं, त्यानं लिहिलं, अन् मग दोन तास कुणी बघितलंच नाही, तर राग दुप्पट. साडीसाठी 'ज्या साडीचा भाव पाहिजे तिच्या फोटोवर रिप्लाय करा' एवढं एक वाक्य ठेवा.

रोजचे प्रश्न क्विक रिप्लायमध्ये भरून ठेवा. `/bore` टाइप केलं की पाइपाचा प्रश्न समोर येतो, माणूस बघून एखादा शब्द बदलून पाठवायचा. दुकानात बसलेल्या पोरालाही जमतं.

पाइपवाला, बीड
प्रश्न विचारायचं मान्य करतो. पण शेवटी आकडा येतोच. अन् 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' लिहिलं की गिऱ्हाईक खालचा आकडाच धरून बसतं. दुकानात आल्यावर म्हणतं, तुम्हीच लिहिलं होतं.

पंपसेट, लातूर
म्हणून मी रेंज लिहीत नाही. एकाच मालाचं नाव, एचपी, हेड, आणि किंमत कशाची ते: 'मोटर-पंप, जीएसटी धरून. पॅनल, केबल, पाइप, दोर वेगळे. भाव शनिवारपर्यंत.' समोरचा व्हॉइस पाठवत असेल तर प्रश्न व्हॉइसवर विचारतो, पण किंमत कायम लिहून. ऐकलेल्या आकड्यावरून वाद होतात.

पाइपवाला, बीड
तरी तेच लिहिलेलं शेजारच्या दुकानात दाखवून शंभर-दोनशे पाडून घेतात. माझ्या गल्लीत पाच दुकानं आहेत. तुमच्या गावात चालत असेल.

पंपसेट, लातूर
पाडून घेतात, त्याला माझ्याकडं उपाय नाही. पण ज्याचा पंप 91 मीटरला बरोबर बसला, तो पुढच्या वेळी मेसेजमध्ये स्वतःच 'पंधरा पाइप, लोखंडी' लिहून पाठवतो.

मोटर-पाइप, अंबड
पाइपाचा प्रश्न उद्यापासून लावतो. विहिरीवाल्याला काय विचारायचं?

शेतकरी, औसा तालुका
विहिरीवाल्याला विचारा, विहीर किती परस अन् पाणी किती लांब न्यायचंय. आमच्यातले लोक विहीर परसातच सांगतात.

पंपसेट, लातूर
बरोबर. फक्त परस माणसागणिक बदलतो, त्यामुळं 'म्हणजे किती फूट?' हे लगेच विचारून घ्या. आणि पाणी न्यायचं ते शेत वर आहे का खाली, तेही.