भाडेकरूला द्यायच्या नोटिशीत ‘बोनाफाईड’ आणि ‘प्रायमा फेसी’ मराठीत कसं लिहावं?

तापीकाठ, चोपडा
बाजारपेठेतला आमचा गाळा बरीच वर्षं भाड्याने दिलेला आहे. मोठ्या मुलाला तिथे ठिबकच्या सामानाचं दुकान टाकायचं आहे, शिवाय सहा महिन्यांचं भाडंही थकलंय. वकिलांनी एक पानाची नोटीस इंग्रजीत काढली, भाडेकरूला वाचता यावी म्हणून ती मराठीत करायची आहे. तिच्यात ‘बोनाफाईड गरज’ आणि ‘प्रायमा फेसी आपण थकबाकीदार आहात’ असं आहे. हे शब्द देवनागरीत तसेच ठेवू की मराठी घालू?

निवृत्त बेलीफ, अमळनेर
भाऊ, तसेच ठेवा. कोर्टात पक्षकारापासून शिपायापर्यंत सगळे ‘बोनाफाईड’च म्हणतात. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या इंग्रजी पाठात, कलम १६ मध्ये हाच शब्द आहे. उद्या प्रकरण औरंगाबाद खंडपीठात गेलं तर तिथे मराठी कागदाचं इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. तुम्ही ‘प्रामाणिक गरज’ लिहिली आणि भाषांतर करणाऱ्याने भलताच इंग्रजी शब्द घातला, तर कलमाशी मेळ बसवत बसा. कायद्याचा शब्द हलवू नये.

मराठीप्रेमी, धुळे
अजिबात पटत नाही. नोटीस खंडपीठासाठी नसते, भाडेकरूसाठी असते. आपल्याकडे बोनाफाईड म्हटलं की शाळेचा दाखला आठवतो, ‘बोनाफाईड गरज’ वाचून त्या माणसाने काय समजायचं? १९९८ पासून खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे. ‘प्रामाणिक गरज’ आणि ‘सकृतदर्शनी थकबाकीदार’ लिहा, विषय संपला. हवं तर साधं लिहा, अहिराणीत आपण म्हणतोच ना, ‘माले खरंच गरज शे’.

वकील ताई, जळगाव
भाडेकरूला कळलं पाहिजे हे दादांचं बरोबर. पण दोन्ही शब्द एकाच मापाने मोजू नका.

आधी बोनाफाईड. याला सगळीकडे चालेल असा एक मराठी शब्द नाही. अधिकाऱ्याने केलेल्या कृतीबद्दल असेल तर ‘सद्भावपूर्वक’. जमिनीच्या जाहीर नोटिशीत पैसे मोजून, आधीचा बोजा माहीत नसताना घेणाऱ्याला ‘प्रामाणिक खरेदीदार’ म्हणतात, तेही ठीक. पण गरज प्रामाणिक नसते, माणूस प्रामाणिक असतो. गाळ्याच्या दाव्यात कोर्ट पाहतं ते हे, की गरज खरी आहे की भाडेकरूला काढायला पुढे केलेली सबब. म्हणून इथे ‘खरी’ किंवा ‘खरीखुरी’. आणि कलमात दोन अटी आहेत, गरज वाजवीही हवी. भाषांतरात ‘वाजवी’ हमखास गळतो. तेव्हा ‘वाजवी व खरीखुरी गरज’ असं पूर्ण लिहा.

मात्र नुसत्या या शब्दांनी काही सिद्ध होत नाही. मुलगा आज काय करतो, कोणता धंदा टाकणार, तुमची दुसरी जागा आहे का आणि असेल तर ती का चालत नाही, हे लिहा. दुसरी जागा लपवली आणि उलटतपासणीत निघाली, तर खरेपणाच गेला. ताबा मिळाल्यावर महिनाभरात जागा वापरात घेतली नाही किंवा वर्षाच्या आत दुसऱ्याला भाड्याने दिली, तर जुना भाडेकरू कलम १७ खाली ताबा परत मागू शकतो. खरीखुरी म्हणजे काय, ते त्या कलमातून नीट कळतं.

आता ‘प्रायमा फेसी’. त्याचं मराठी शोधूच नका, तो शब्द नोटिशीतून काढा. प्रथमदर्शनी म्हणजे वरवर पाहता तसं दिसतं, अजून तपासायचं आहे. मनाई हुकुमाच्या अर्जावर कोर्ट असं म्हणतं, कारण पुरावा यायचा असतो. तुम्ही घरमालक, पावतीपुस्तक तुमच्याकडे. ‘प्रथमदर्शनी थकबाकीदार’ लिहिलंत तर तुमच्याच हिशेबाबद्दल तुम्हीच शंका घेतल्यासारखं होतं. थकबाकीसाठी कलम १५ खाली लेखी मागणी लागते आणि ती पोचल्यापासून ९० दिवस उलटेपर्यंत दावा लावता येत नाही. मागणी स्पष्ट आकड्यांत हवी.

शेतकरी, पारोळा
मलाही अशीच नोटीस आली होती. मी एका सहकारी संस्थेचा संचालक होतो, चौकशीच्या नोटिशीत ‘आपण प्रथमदर्शनी दोषी दिसता’ लिहिलं होतं. गावभर झालं की हा दोषी ठरला. मग तिथूनही हा शब्द काढायला पाहिजे होता का?

वकील ताई, जळगाव
नाही दादा, तिथे उलट आहे. कारणे दाखवा नोटीस देणारा पुढे स्वतःच निकाल देणार असतो. त्याने आधीच ‘आपण दोषी आहात’ लिहिलं तर त्याचं मन आधीच बनलंय असा अर्थ होतो. २०१० मध्ये ओरिक्स फिशरीज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमकं यावरच बोट ठेवलं. तुमच्या नोटिशीत ‘प्रथमदर्शनी’ होतं म्हणून तुमचं म्हणणं ऐकायला जागा उरली. खटकण्यासारखा शब्द ‘दोषी’ हा आहे. ‘कागदपत्रांवरून प्रथमदर्शनी असे दिसते की’ लिहून पुढे नेमका आरोप मांडायला हवा होता.

मराठीप्रेमी, धुळे
मग नोटीस दिल्याशिवाय गाळ्याचा दावा लागतच नाही, आधी पंधरा दिवसांची मुदत द्यावी लागते, तेही मराठीत लिहायला हवं ना?

वकील ताई, जळगाव
पंधरा दिवसांचं कलम मालमत्ता हस्तांतरण कायद्यातलं. भाडे कायद्याखाली गरजेच्या कारणासाठी तशी नोटीस बंधनकारक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी १९७९ मध्ये सांगितलं आहे. थकबाकीचं वेगळं, तिथे ९० दिवस चुकवून चालत नाही. एकाच नोटिशीत दोन्ही कारणं घालता येतात, परिच्छेद मात्र वेगळे ठेवा.

तापीकाठ, चोपडा
ताई, असं केलं तर?

‘माझा मोठा मुलगा आज दुसऱ्याच्या दुकानात नोकरी करतो. त्याला सदर गाळ्यात ठिबक सिंचनाच्या साहित्याचा स्वतःचा व्यवसाय सुरू करायचा आहे. आमच्या मालकीची यावल रस्त्यावरील खोली राहत्या घराचा भाग असून तेथे दुकान चालवता येत नाही. त्यामुळे सदर गाळ्याची आम्हांस वाजवी व खरीखुरी गरज आहे.

आपण ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांचे दरमहा रु. ३,००० प्रमाणे एकूण रु. १८,००० भाडे दिलेले नाही. ही रक्कम नोटीस मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत द्यावी.’

वकील ताई, जळगाव
चांगलं झालंय. महिन्यांपुढे सन घाला. भाडेकरूने ९० दिवसांत पूर्ण रक्कम भरली तर थकबाकीचं कारण संपेल, गरजेचं उरेल. तिथेही कोर्ट कोणाची अडचण मोठी ते तोलतं, आणि गाळ्याचा काही भागच देऊन भागत असेल तर तेवढ्यापुरताच हुकूम करू शकतं. त्या गल्लीत भाड्याने मिळणारे दुसरे गाळे आत्ताच बघून ठेवा, साक्षीत उपयोगी पडतील. पाठवण्याआधी तुमच्या वकिलांना दाखवा, सही त्यांची आहे.

निवृत्त बेलीफ, अमळनेर
‘प्रायमा फेसी’ काढलं ते मान्य. पण ‘खरीखुरी’ हा बोलण्यातला शब्द आहे, समोरचा वकील त्यावरच बोट ठेवेल. मी असतो तर ‘वाजवी व बोनाफाईड गरज’च लिहिली असती.

वकील ताई, जळगाव
आप्पा, आमच्या बारमध्येही यावर दोन तट आहेत. मी ‘खरीखुरी’ लिहिते. दाव्यात मात्र कलमाचा आकडा न चुकता घालते, म्हणजे इंग्रजी करणाऱ्याला कोणता शब्द घ्यायचा ते शोधत बसावं लागत नाही.

निवृत्त बेलीफ, अमळनेर
मग तो आकडा याही नोटिशीत घाला, कलम १६(१)(जी). तेवढं केलंत तर माझी निम्मी हरकत मिटली.