उत्तर: शेडचं व्याज कुठवर भांडवली धरायचं?

> "शेड डिसेंबरात पूर्ण झाली, उत्पादन मार्चमध्ये सुरू झालं. मार्चपर्यंतचं व्याज इमारतीत टाकू का?"

नाही, डिसेंबरअखेरच थांबा. एएस १६ या लेखा मानकानुसार मालमत्ता वापरायोग्य झाली की व्याज भांडवली धरणं, म्हणजे मालमत्तेच्या किमतीत मिळवणं, थांबतं. किरकोळ कागदपत्रं राहिली तरी चालतं. समजा, १ एप्रिलला बांधकाम सुरू करून त्यावर ४ कोटी कर्ज १२ टक्क्यांनी उचललं. महिन्याला ४ लाख, नऊ महिन्यांचे ३६ लाख. मध्ये ठेकेदाराच्या वादात काम दोन महिने ठप्प असेल, तर ते ८ लाख थेट नफा-तोट्यात जातील आणि इमारतीत २८ लाखच येतील. साइट इंजिनिअरचा पगार, बांधकामाची वीज इमारतीत घ्या. हेड ऑफिसचा खर्च नको. आयकरात मात्र कसोटी वेगळी: प्रत्यक्ष वापर सुरू होईपर्यंतचं व्याज भांडवली, म्हणून जानेवारीपासूनचा फरक वेगळा लिहून ठेवा.