गरब्याच्या फोटोत एकीकडे कमर जास्त खचलेली: घरच्यांना सांगावं की गप्प बसावं?

अंजली, दांडिया बाजार, वडोदरा
भावाची मुलगी 12 वर्षांची आहे. नवरात्रात मागून उघडी चोळी घातली होती, तेव्हाचे फोटो बघताना लक्षात आलं की उजवीकडे कमरेत खोल खाच पडते आणि डावी बाजू जवळजवळ सरळ उतरते. खांदे मात्र सारखे आहेत. वहिनी म्हणते, गिरकी घेताना असं दिसणारच. भाऊ दप्तराला दोष देतो. तिचं काहीही दुखत नाही. मी दाखवा म्हणून मागे लागू, की उगाच घाबरवते आहे? फोटो इथे टाकणार नाही, पोरगी मोठी होते आहे.

मकरंद
मागे लागू नका. गरब्यात शरीराचा भार कायम एका पायावर असतो. उजव्या पायावर भार आला की उजवा कुल्हा वर चढतो आणि त्याच बाजूला कमरेत घडी पडते. स्वतः आरशासमोर करून बघा. त्यात मोबाईल जरासा तिरका धरला असेल तर संपलंच. असे फोटो बघत बसलं तर निम्मं बडोदं वाकडं निघेल.
आणि ही माझ्या मनची गोष्ट नाही. अमेरिकेत अशा तपासण्यांवर सल्ला देणारी सरकारी तज्ज्ञ समिती आहे. लक्षण नसलेल्या मुलांची पाठ सरसकट तपासावी की नाही, हे ठरवायला पुरेसा पुरावा नाही, असं तिने 2018 साली लिहून ठेवलंय. आपण मात्र घरबसल्या निदान करतोय.

रमेशकाका
माझी कमरेची गादी सरकली होती, तेव्हा सहा महिने कडक अंथरुणावर झोपलो. मुलीला जमिनीवर झोपवा आणि पोहायला घाला. आजकालच्या मुलांना फोममुळे हे सगळं होतं.

स्वाती, फिजिओथेरपिस्ट, रावपुरा
काका, तुमचं दुखणं वेगळं होतं. या वयात कणा बाजूला वळतो, ज्याला स्कोलिओसिस म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा काहीच दुखत नाही, म्हणून तर ते उशिरा कळतं. फोमच्या गादीवर झोपल्याने ते होत नाही आणि दप्तरानेही नाही. उलट मूल रात्री पाठदुखीने उठत असेल, पायात मुंग्या किंवा अशक्तपणा असेल, तर मी जास्त घाबरेन आणि लगेच पाठवेन.

मकरंदराव, गरब्याच्या फोटोवरून काहीच ठरत नाही, हे मान्य. पण तुमच्या समितीपुढचा प्रश्न शाळेतल्या सगळ्या मुलांना रांगेत उभं करून तपासावं का, हा होता. इथे एका मुलीत घरच्या माणसाला काहीतरी दिसलंय. तिला तपासायचं नाही, असं ती समिती कुठेही म्हणत नाही.

अंजलीताई, वहिनी तयार असतील तर घरात, त्यांच्यासमोर, फोटो पुन्हा काढा. पाठ कमरेपर्यंत दिसली पाहिजे आणि केस वर बांधलेले हवेत. पाऊलं जुळवून, गुडघे सरळ ठेवून, हात सैल सोडून उभं राहू द्या. "ताठ उभी राहा" म्हणू नका, ती अंग ओढून घेईल आणि जे बघायचं तेच लपेल. मोबाईल तिच्या कमरेच्या उंचीवर स्टुलावर ठेवा, आठ-दहा फूट लांब. मागे दाराची चौकट असू द्या. चौकट फोटोत तिरकी आली तर मोबाईल तिरका आहे, तो फोटो टाकून द्या.

मग खांदे सोडून हातांकडे बघा. लोंबणारा हात आणि कमर यांच्या मधे जी फट राहते, ती दोन्हीकडे सारखी आहे का? खांदे फार फसवतात. उजवा हात जास्त वापरणाऱ्या कितीतरी मुलांचा उजवा खांदा थोडा खाली असतो आणि कणा सरळ असतो. याच्या उलटही होतं. वळण खाली, कमरेच्या आसपास असेल तर ते खांद्यापर्यंत पोचतच नाही. वर एक आणि खाली एक अशी दोन उलटी वळणं असली, तर ती एकमेकांना सावरतात आणि खांदे अगदी समतल दिसतात. म्हणून "खांदे सारखे आहेत" यावर मी निर्धास्त होणार नाही.

पुष्पाकाकू
मी वर्षानुवर्षं चणियाचोळी शिवते. बऱ्याच मुलींचा घेर एका बाजूने जमिनीला टेकतो. नेफ्यात त्या बाजूला थोडं कापड आत घेतलं की बसतो. चोळीही पाठीवर एकीकडे उचलली जाते. आयांना सांगितलं तर राग येतो, म्हणून मी आता गप्प शिवते. पण एवढं घाबरायचं कारण नाही, पाळी आली की आपोआप सरळ होतं.

स्वाती
काकू, घेर तिरका बसणं ही खरी खूण आहे, आणि आई-बापांच्या आधी ती शिवणाऱ्यालाच दिसते. कृपा करून सांगत जा. पाळीचं मात्र उलट आहे. मुलीची उंची सगळ्यात झपाट्याने वाढते ती पाळी येण्याआधीच्या काळात, आणि वळणही तेव्हाच पळतं. पाळीनंतर उंची हळूहळू थांबते, म्हणून वळणाचा वेगही उतरतो. जे वाकलं ते सरळ होत नाही. अंजलीताई, तिची सुरू झाली आहे का? माझ्या दृष्टीने फोटोपेक्षा हा प्रश्न मोठा.

नितीन, मांजलपूर
आमच्या मुलाचं अगदी असंच दिसत होतं, कमरेत एकीकडे खाच. निघालं काय, तर एक पाय सव्वा सेंटीमीटर आखूड! बुटात टाचेखाली पॅड घातलं, फोटो सरळ. त्याआधी दोघांनी पाठीचे व्यायाम लावले होते. पाय मोजा आधी.

स्वाती
बरोबर, आणि ते ओळखायला टेपही लागत नाही. आधी उभं राहून वाकायला सांगा: पाऊलं जुळवून, गुडघे न दुमडता, दोन्ही तळवे एकमेकांना लावून, पाठ आडवी होईपर्यंत. मागून, डोळे पाठीच्या पातळीवर आणून बघा, एक बाजू उंचावते का. मग स्टुलावर बसवून तसंच वाकवा. पाय आखूड असल्यामुळे ओटीपोटाचं हाड तिरकं झालेलं असेल, तर बसल्यावर फरक जातो. बसूनही उंचवटा राहिला तर मणकेच फिरलेले आहेत. कणा नुसता बाजूला झुकत नाही, पिळतो. तो पीळ उभ्या फोटोत दिसत नाही, वाकल्यावर दिसतो.

ऋतुजा
मी हे भोगलंय म्हणून बोलते. तेराव्या वर्षी वळण 31 अंश होतं, दोन वर्षं ब्रेस, म्हणजे धडावर बसणारं प्लास्टिकचं कवच, घातला, आता 34 वर आहे आणि मी नोकरी करते, गरबाही खेळते. मला वळणाचा त्रास कमी झाला, आत्या-माम्यांचा जास्त. प्रत्येक लग्नात कोणीतरी पाठीवरून हात फिरवून बघायचं. ताई, मुलीसमोर "वाकडी" हा शब्द काढू नका. आणि तो गरब्याचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपमध्ये फिरवून "बघा हो" असं तर अजिबात नको.

मकरंद
हेच म्हणतोय मी. न दुखणाऱ्या गोष्टीसाठी पोरीच्या मनात न्यूनगंड. आणि ब्रेसचं सांगू का? 2013 च्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात ब्रेस न घातलेल्यांपैकीही 48 टक्के मुलांचं वळण 50 अंशांच्या, म्हणजे शस्त्रक्रियेच्या उंबरठ्याच्या, आत राहिलं. म्हणजे निम्म्यांना काहीच करायची गरज नव्हती.

ऋतुजा
त्याच अभ्यासात ब्रेस घातलेल्यांचा आकडा 72 टक्के होता, तो का गाळलात? मी न्यूनगंडाबद्दल बोलले, दाखवू नका असं म्हटलेलं नाही.

मकरंद
गाळला नाही. आपली मुलगी त्या 48 मधली आहे की नाही, हे आधी कोणी सांगू शकत नाही, एवढंच म्हणायचंय. म्हणजे काहींनी तो ब्रेस फुकटच घातला.

अंजली
वहिनी तयार झाली. फोटो तिनेच काढला, मी शेजारी होते. चौकट सरळ आली. डावा हात कमरेला जवळजवळ चिकटतो, उजवीकडे तळहात जाईल एवढी फट आहे. खांदे सारखेच. वाकल्यावर पाठीचा वरचा भाग सपाट, पण कमरेच्या थोडं वर डावीकडे उंचवटा येतो. बसवून वाकवलं तरी तो राहिला. भावाने मोबाईलमधलं लेव्हल लावून बघितलं, आकडा 8 अंश आला. पाळी अजून नाही. गेल्या दिवाळीचा फ्रॉक यंदा गुडघ्याच्या वर गेलाय.

स्वाती
मोबाईल पाठीवर थेट टेकवला असेल तर मधल्या मणक्यावर तो डगमगतो. दोन्ही अंगठे थोडं अंतर ठेवून मोबाईलखाली धरा, मणक्याला जागा सोडा आणि पुन्हा दोनदा मोजा. 5 च्या आसपास आला तर तीन-चार महिन्यांनी परत बघितलं असतं. 7 च्या पुढे आला तर एक्स-रे.

तुम्ही सांगता ते एकमेकांशी जुळतंय. वळणाची फुगीर बाजू डावीकडे, म्हणून डावी कमर भरून सरळ झाली, उजवीकडे खाच पडली, आणि ते खाली असल्यामुळे खांद्यांना पत्ताच नाही. पण 8 हा पिळाचा आकडा आहे, वळणाचा नव्हे. वळण किती, ते फक्त एक्स-रेवर मोजतात. 10 अंशांच्या आत असेल तर त्याला स्कोलिओसिस म्हणतही नाहीत.

एक्स-रे उभं करून, मानेपासून ओटीपोटापर्यंत पूर्ण कण्याचा, एकाच फिल्मवर हवा. झोपवून काढलेला नको, झोपल्यावर वळण कमी दिसतं. किरण पाठीकडून जातील असा काढायला सांगा, छातीला कमी लागतात. ओटीपोटाच्या हाडाची वरची कड दिसली पाहिजे, वाढ किती उरली याचा अंदाज त्यावरून घेतात. कण्याचं काम करणाऱ्या हाडांच्या डॉक्टरांकडे न्या.

नितीन
आणि 8 चे 25 निघाले तर?

स्वाती
वाढ बाकी असताना साधारण 25 पासून ब्रेसचा विचार सुरू होतो, 45-50 च्या पुढे शस्त्रक्रियेचा. त्याखाली असेल तर चार-सहा महिन्यांनी परत फिल्म. एकच फिल्म दोघांनी मोजली तरी चार-पाच अंशांचा फरक पडतो, म्हणून 22 चे 25 झाले की धावपळ नको. 22 चे 29 झाले तर ती खरी वाढ.

मकरंद
एक्स-रेपर्यंत मी आलो. आता 8 अंश आणि पाळी नाही म्हटल्यावर मीही दाखवलं असतं. पण 23-24 निघाले तर काय? एक डॉक्टर थांबा म्हणेल, दुसरा लगेच ब्रेस देईल. बारा वर्षांच्या मुलीला वडोदऱ्याच्या उन्हाळ्यात दिवसाचे 18 तास प्लास्टिकच्या कवचात ठेवायचं, तेही कदाचित गरज नसताना?

ऋतुजा
मे महिन्यात आतला बनियन दिवसातून तीनदा बदलायचे. नको वाटायचं, खोटं बोलणार नाही. शाळेत काढून ठेवायचे आणि आईला घातला म्हणून सांगायचे, त्या महिन्यांत वळण चार अंशांनी वाढलं. ब्रेस न घातल्यामुळे, की वाढीच्या वयामुळे, की मोजण्यातल्या फरकामुळे, हे मला आजही कोणी ठामपणे सांगितलेलं नाही.

पुष्पाकाकू
ब्रेसवर बसेल अशी चोळी होते हो. बाजूला चेन घालायची आणि पाठीला अस्तर. अंजली, तिला माप द्यायला घेऊन ये.

अंजली
सोमवारी दाखवायला नेतोय. भाऊ येतो म्हणालाय. तिला एवढंच सांगितलंय की उंची वाढते आहे म्हणून पाठ बघायची. वहिनीला हेही सांगायला नको होतं, मला वाटतं खरं काय ते सांगावं. त्यावरून आमची अजून वादावादी चालू आहे.