२० मिनिटांच्या रोजच्या सरावात वेग वाढला की चुका वाढतात, मदत हवी आहे

मी सांगलीत राहून आयबीपीएस क्लार्क पूर्वपरीक्षेची तयारी करतोय. गणिताचे ३५ प्रश्न २० मिनिटांत, असा रोज एक संच टायमर लावून सोडवतो. साधारण २४ सुटतात, त्यातले १७ बरोबर. चुकीला पाव गुण वजा धरून १५.२५. वेळ न लावता तोच संच सोडवला तर ३१ बरोबर येतात, म्हणजे रीत येते.

४५ सेकंदांत न सुटलेला प्रश्न सोडायचा, हेही आठवडाभर केलं. २८ सुटले, पण बरोबर १६च, गुण १३. वहीत चुका लिहितो. बहुतेक सरळरूपातल्या, घाईत ४८ चे ८४ लिहिलेले.

पाढे ३० पर्यंत पाठ आहेत. नोकरीमुळे रोज रात्री एकच तास मिळतो, क्लास जमणार नाही. अशा वेळी पूर्ण संच थांबवून फक्त सरळरूपाचे १० प्रश्न ५ मिनिटांत, असे छोटे संच आधी करावेत का? आणि किती अचूकता आल्यावर परत ३५ वर यावं?