लाईट नसताना मोबाईल आणि पॉवर बँकांची पाळी कशी लावता?

कंदील_वाती: आमच्याकडे सध्या भारनियमनात लाईट दोनदाच येते, पहाटे ५ ते ८ आणि रात्री ९ ते १२. घरात चार मोबाईल आणि १० हजार एमएएचच्या तीन पॉवर बँका. लाईट आली की आम्ही तिन्ही बँका एकदम लावतो आणि त्यांच्यावरून दिवसभर मोबाईल चार्ज करतो. पहिले दोन दिवस झकास गेले. तिसऱ्या दुपारी तिन्ही बँकांवर एकेकच ठिपका उरला. चुकतंय कुठे? तुमचं वेळापत्रक कसं असतं, तेही लिहा.

पेचकस: दुरुस्तीचं काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो. बँकेवरचे १० हजार हे आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचे, म्हणजे ३७ वॉट-तास. व्होल्टेज वाढवताना आणि केबलमध्ये साधारण तिसरा हिस्सा उडतो. मोबाईलला मिळतात २४-२५. पाच हजारांच्या मोबाईलला १९ लागतात, म्हणजे एक बँक जेमतेम सव्वा मोबाईल भरते.

आता उलट बाजू बघा. ५ व्होल्ट २ अँपिअरच्या चार्जरवर तीच बँक भरायला साडेचार-पाच तास लागतात, आणि तुमची खिडकी ३ तासांची. त्यातून तीन बँका एकाच अडॅप्टरवर असतील, तर तेच २ अँपिअर तिघींत वाटले जातात. एकही धड भरत नाही.

म्हणून लाईट आली की आधी मोबाईल थेट भिंतीवर लावा, बँकेतून फिरवून तिसरा हिस्सा घालवू नका. सकाळी ८ ला चारही भरलेले असले की रात्री ९ वाजेपर्यंत प्रत्येकाला वरचे ३० टक्के पुरावेत. चौघांचे मिळून झाले २३ वॉट-तास, म्हणजे दिवसाला एकच बँक. बँकांवर १, २, ३ असे आकडे लिहा. आज १ वापरली, तर ती रात्रीच्या आणि पहाटेच्या अशा दोन्ही खिडक्यांत स्वतंत्र चार्जरवर राहील. तरी उद्या काढायची २. एखाद्या रात्री लाईट आलीच नाही, तर तो एक दिवस हाताशी राहतो. ३ ला हात लावायचा नाही.

कंदील_वाती: अडॅप्टर एकच आहे हो! तीन भोकांचा. तिथेच मेख होती तर.

निवांत७: एवढं गणित कशाला? डार्क मोड लावा, मागे उघडी असलेली सगळी अ‍ॅप्स सरकवून बंद करा. माझा मोबाईल दीड दिवस जातो.

पेचकस: डार्क मोडचा फायदा ओएलईडी स्क्रीनलाच, कारण तिथे काळा ठिपका खरोखर विझतो. एलसीडीत मागचा दिवा जळतच राहतो, तिथे ब्राइटनेस उतरवा. आणि सरकवून घालवलेलं अ‍ॅप पुन्हा उघडताना पहिल्यापासून लोड होतं, त्यात उलट जास्तच बॅटरी जाते.

माजघर: माझा मोबाईल रात्री उशाशी नुसता पडून असायचा आणि सकाळी ३५ टक्के कमी. मी लेकाला बोलले, "तूच गेम खेळतोस." बिचारा खेळत नव्हता. लाईट बराच वेळ गेली की आमच्या इथे रेंजही पडते आणि मोबाईल रात्रभर टॉवर शोधत बसतो. आता झोपताना तीन मोबाईल एअरप्लेन मोडवर, रेंज बरी असलेला एक चालू. सकाळी दोन-तीन टक्केच गेलेले असतात. लेकाची माफी मागितली, पण गेम बंदच आहे.

गच्चीवरून: राउटर चालेल का यावर? माझा १२ व्होल्टचा आहे.

पेचकस: धागा मोबाईलचा आहे, पण सांगतो. ५ चे १२ व्होल्ट करणारी केबल लागेल. राउटर ६ वॉट खात असेल तर तुमची १० हजारांची बँक चार तासांत रिकामी. मग मोबाईलला काय देणार?

सासूबाईंची_सून: सासूबाईंचा साधा बटणांचा फोन बँकेला लावला की थोड्या वेळाने बँक आपोआप बंद. आम्ही बँक बिघडली म्हणून कपाटात टाकली होती. मग कळलं, फोन इतका कमी करंट ओढतो की बँकेला वाटतं काही लावलेलंच नाही. आता त्याच बँकेला शेजारी माझा मोबाईलही लावते, मग चालू राहते. सगळ्या बँकांत हे जमतं का, ठाऊक नाही.

निवांत७: ती ३ नंबरची कायम भरलेली ठेवली तर सेल खराब होतील ना? मी निम्मीच भरून ठेवतो.

पेचकस: वर्षभर ठेवायची तर निम्मी बरी, उन्हात भरलेली तर नकोच. पण इथे ती अडचणीसाठी आहे. महिन्याने ३ ला पाळीत घ्या आणि १ ला राखीव बसवा.

निवांत७: मी निम्मीच ठेवणार.

माजघर: आणि फुगली असेल तर? आमची एक टेबलावर ठेवली की डुगडुगते.

पेचकस: ती चार्जिंगला लावूच नका. दाबू नका, भोक पाडू नका, आजच घराबाहेर काढून ई-कचऱ्यात द्या.