थेट मेल आणि स्टायपेंडबद्दल

"एप्रिलमध्ये परीक्षा संपल्यावर उन्हाळी रिसर्च इंटर्नशिपसाठी प्रोफेसरांना मेल टाकले तर चालतील ना?"

फार उशीर होतो. विज्ञान अकादमींच्या समर फेलोशिपचे अर्ज साधारण नोव्हेंबरातच बंद होतात आणि त्यात शिक्षकांचं शिफारसपत्रही लागतं. माझा अर्ज तिथेच अडकला. दिवाळीच्या सुट्टीत सरांना आठवण करायला मी लाजलो.

मग जानेवारीत थेट मेल सुरू केले. एकच मजकूर, फक्त नाव बदललेलं, असे तीस गेले, उत्तर शून्य. एकतिसाव्यात त्या प्रोफेसरांच्या पेपरातल्या एका आलेखाबद्दल शंका विचारली, तर दुसऱ्याच दिवशी बोलावणं. पण असं थेट ठरलं की स्टायपेंड बहुधा नसतो. मला तर हॉस्टेल-मेसचे पैसेही भरावे लागले. होकार आला की तिकीट काढायच्या आधी हे विचारून घ्या.