अनुभव धागा: एका स्लाइडवरचा डॅशबोर्ड (मोठा आकडा, बाण आणि लाल-पिवळं-हिरवं)

भोसरीकर_मीनल

आमचं मशीनिंगचं वर्कशॉप आहे, दर महिन्याच्या पाच तारखेला रिव्ह्यू असतो आणि त्यात पहिली स्लाइड म्हणजे चार चौकोन, प्रत्येकात एक भलामोठा आकडा, शेजारी बाण आणि रंग. वेळेवर डिस्पॅच, रिजेक्शन, ब्रेकडाउनचे तास आणि कस्टमर कंप्लेंट. ही स्लाइड मला आधीच्या माणसाकडून वारसाहक्काने मिळाली, त्यात वर गेलं की हिरवा आणि खाली आलं की लाल असं सरसकट लावलेलं होतं. परवा रिजेक्शन वाढलं, बाण वर, रंग हिरवागार, आणि मोठे साहेब लांबूनच "गुड, गुड" म्हणून पुढच्या स्लाइडवर गेले. क्वालिटीवाले एकमेकांकडे बघत बसले.

तर ज्यांनी ज्यांनी अशी स्लाइड केलीये त्यांनी कशी केली ते लिहा. फक्त एक्सेल आणि पॉवरपॉइंट, आमच्याकडे दुसरं काही मिळणार नाही.

घाईगडबड

अगं एवढं काय त्यात, कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये आयकॉन सेट आहेत ना तयार, तीन बाण लाल-पिवळे-हिरवे. सिलेक्ट कर, क्लिक कर, झालं. रिजेक्शनसाठी रूलमध्ये जाऊन Reverse Icon Order दाब म्हणजे उलटं होईल. मी पाच डेपोंचा रिपोर्ट असाच पाठवतो, कोणी काही बोलत नाही.

जुना_क्वालिटीवाला

कोणी बोलत नाही कारण कोणी बघत नाही 😀 उलटं करायचं बटण सांगितलंस ते बरोबर. पण त्या आयकॉन सेटला तुझं टार्गेट माहीतच नसतं. न बदलता ठेवलास तर तो तू सिलेक्ट केलेल्या आकड्यांतला सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा बघतो आणि मधल्या अंतराचे ३३ आणि ६७ टक्क्यांवर तुकडे पाडतो. तुझे पाच डेपो धर, वेळेवर डिलिव्हरी ६१, ६४, ६८, ७०, ७२ आणि टार्गेट ९०. लहान ६१, मोठा ७२, अंतर ११. म्हणजे साधारण ६८.४ च्या वरचे सगळे हिरवे. ७० आणि ७२ वाले डेपो हिरवे दिसणार, टार्गेटपासून १८-२० लांब असूनसुद्धा. वासरात लंगडी गाय शहाणी. रूल एडिट करून Type मध्ये Percent च्या जागी Number कर, आणि आयकॉन मूळ आकड्यावर न लावता आकडा वजा टार्गेट अशा वेगळ्या कॉलमवर लाव, मग शून्य आणि उणे पाच अशा हद्दी घालता येतात.

मीनलताई, आता तुमचं. बाण आणि रंग हे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. बाण सांगतो की मागच्या महिन्यापेक्षा काय झालं. रंग सांगतो की टार्गेटच्या मानाने आपण कुठे आहोत. तुमच्या स्लाइडवर दोन्ही एकाच गोष्टीला बांधलेत म्हणून गोंधळ. समजा रिजेक्शन मागच्या महिन्यात ३.१ होतं, आता २.३, टार्गेट २.०. बाण खाली, म्हणजे सुधारतंय, पण रंग पिवळा, कारण अजून पोचलो नाही. पुढे १.६ वरून १.९ झालं तर बाण वर, रंग मात्र हिरवाच. बघणाऱ्याला या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या दिसायला हव्यात, म्हणून मी बाण कायम राखाडी ठेवतो आणि रंगाची फक्त एक उभी पट्टी चौकोनाच्या डाव्या कडेला देतो. मधे आकडा ५४ पॉइंटमध्ये, खाली १६ मध्ये "▼ ०.८, मागचा महिना ३.१, टार्गेट २.०". एवढंच.

शीटमध्ये B ला हा महिना, C ला मागचा, D ला टार्गेट. E मध्ये दिशा टाकायची, डिस्पॅचला 1, रिजेक्शन, ब्रेकडाउन, कंप्लेंटला -1. F मध्ये पिवळ्याची सवलत किती ते. मग चारही ओळींना एकच फॉर्म्युला चालतो:

```
=IF((B2-D2)*E2>=0,"हिरवा",IF((D2-B2)*E2<=F2,"पिवळा","लाल"))
```

बाणासाठी G मध्ये किती फरक झाला तरी तो फरक धरायचा नाही ते लिहा:

```
=IF(ABS(B2-C2)<G2,"►",IF(B2>C2,"▲","▼"))
```

तो G महत्त्वाचा आहे. डिस्पॅच ९३.१ चं ९३.३ झालं म्हणून बाण वर दाखवला की कोणीतरी विचारतंच काय सुधारणा केली, आणि मग मॅनेजर बिचारा कारण रचून सांगतो. मागच्या वर्षभरात महिना-ते-महिना आकडा एरवीच किती हलतो ते बघा, तेवढ्याच्या आत असेल तर आडवा बाण.

भोसरीकर_मीनल

दिशेचा कॉलम, हेच हवं होतं! पण आमचे साहेब म्हणणार राखाडी बाण मेल्यासारखा दिसतो, रंगवा.

जुना_क्वालिटीवाला

रंगवायचाच तर चांगलं-वाईट यावर रंगवा, वर-खाली यावर नको. मग एका चौकोनात दोन रंग येतील आणि साहेब विचारतील यातला खरा कुठला. मग सांगा त्यांना.

सोसायटीचा_खजिनदार

मोठे आकडे असं शीर्षक बघून आलो, माझा प्रॉब्लेम पण मोठ्या आकड्यांचाच आहे. सोसायटीचा जमा-खर्च स्लाइडवर टाकतो तर कॉमा इंग्रजी पद्धतीने पडतात, 13,872,450 असं, आणि ज्येष्ठ मंडळी मीटिंगमध्ये बोटं मोजत बसतात. भाच्याने हा फॉरमॅट दिला, लाख-कोटीप्रमाणे कॉमा येतात:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0
```

पण तोट्याचा आकडा आला की परत जैसे थे. कोणाला माहितीये का?

रात्रपाळी

काका, धागा आकडा दिसायला मोठा कसा करायचा याचा आहे, पण असू दे. एका फॉरमॅटमध्ये अशा दोनच अटी बसतात, त्या तुम्ही कोटी आणि लाखाला वापरल्यात, उणे आकडे मग तिसऱ्या खान्यात जाऊन पडतात. तसंही स्लाइडवर १,३८,७२,४५० कोणी वाचत नाही हो. बाजूच्या सेलमध्ये एक कोटीने भागा आणि "१.३९ कोटी" दाखवा, उणे असलं तरी नीट दिसेल. फॉरमॅटमधून हे सरळ होत नाही, कारण तिथला कॉमा हजारानेच भागतो, लाख-कोटी त्याला कळत नाहीत.

सोसायटीचा_खजिनदार

हे जमेल. जाता जाता एक, थकबाकीची तुमच्यासारखी रंगीत स्लाइड नोटीस बोर्डवर लावली होती, प्रिंटर काळा-पांढरा, लाल आणि हिरवा दोन्ही सारखेच करडे. थकबाकीदार खूश. आता रंगाच्या पट्टीवर "वेळेत" / "लक्ष द्या" / "थकीत" असे शब्दच लिहितो.

रंगात_रंग

काकांचं शब्दांचं एकदम पटलं. मला लाल-हिरवं वेगळं ओळखता येत नाही, पुरुषांमध्ये हे काही फार दुर्मिळ नाहीये. प्रत्येक रिव्ह्यूत मी शेजारच्याला विचारतो हा कुठला रे. शब्द नसेल तर निदान आकार तरी वेगळा द्या, गोल, त्रिकोण, चौकोन. नाहीतर हिरव्याच्या जागी निळा घ्या, निळा आणि केशरी मला लगेच वेगळे दिसतात.

ऊसवाला_वाळवा

आमच्याकडे साखर कारखान्यात रोज सकाळी अशी स्लाइड जाते, गाळप आणि उतारा. इथे "मागच्या महिन्यापेक्षा" हा बाण अगदीच कुचकामी आहे. हंगामाच्या सुरुवातीला, नोव्हेंबरात उतारा कमीच असतो कारण ऊस पुरता पिकलेला नसतो, थंडी पडली की साखर भरते आणि जानेवारी-फेब्रुवारीत उतारा चढतो, उन्हाळा लागला की परत उतरतो. म्हणजे मागच्या महिन्याशी तुलना केली तर जानेवारीपर्यंत बाण वरच आणि एप्रिलमध्ये खालीच, कारखाना कसाही चालवा. तो बाण हवामान दाखवतोय, आमचं काम नाही.

म्हणून आम्ही मागच्या हंगामातल्या त्याच दिवसाशी तुलना करतो. आणि उतारा दोन आकड्यांत, आजचा लहान अक्षरात आणि हंगामाच्या सुरुवातीपासूनचा सरासरी मोठ्या अक्षरात, कारण आजचा आकडा उसाची जात, तोडून किती तास झाले, गाळपात खंड पडला का यावर रोज हलतो. बाण फक्त सरासरीला. आता भांडण एवढ्यावरच आहे की तोच दिवस म्हणजे तीच तारीख की गाळपाचा तितकावा दिवस. यंदा धुराडं पंधरा दिवस उशिरा पेटलं तर गाळपाचा ४० वा दिवस ४० व्या दिवसाशी लावावा असं आमचे चीफ केमिस्ट म्हणतात, शेती अधिकारी म्हणतात थंडी तारखेने येते, गाळपाच्या दिवसाने नाही. माझ्या मते उताऱ्याला तारीख आणि एकूण गाळपाला दिवस, पण अजून कोणी ऐकलेलं नाही.

जुना_क्वालिटीवाला

ऊसवाले, मस्त. मीनलताई, तुमच्याकडे दिवाळीच्या महिन्यात कामाचे दिवस कमी असतात, ब्रेकडाउनचे तास आपोआप कमी दिसतील. त्याला मशीन चाललेल्या तासांच्या टक्क्यात घ्या.

रात्रपाळी

आता एक्सेलमधून स्लाइडवर न्यायचं कसं ते. पॉवरपॉइंटच्या टेक्स्टबॉक्सला एक्सेलचा सेल सरळ जोडता येत नाही. एक्सेलमधल्या टेक्स्टबॉक्सला येतो, पण त्याचा रंग सेलबरोबर बदलत नाही. म्हणून चौकोन सेलचेच बनवा, मोठी रो, मोठा फॉन्ट, ग्रिडलाइन बंद, पट्टीच्या सेलला कंडिशनल फॉरमॅटिंग. मग ती रेंज कॉपी करून पॉवरपॉइंटमध्ये Paste Special मध्ये Paste Link निवडा, Microsoft Excel Worksheet Object. दर महिन्याला शीट भरा, स्लाइड उघडा, अपडेट म्हणा. फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली की लिंक तुटते, ती File मध्ये Info खाली Edit Links to Files मधून परत जोडायची.

Paste Link न करता नुसतं Worksheet Object म्हणून चिकटवू नका. तसं केलं की पूर्ण वर्कबुक स्लाइडच्या आत जातं. एका जुन्या नोकरीत कोणीतरी अशी स्लाइड कस्टमरला मेल केली, समोरच्याने चौकोनावर डबल क्लिक केलं आणि बाकीच्या शीट उघडल्या, त्यात कॉस्टिंगही होतं. बाहेर पाठवायची असेल तर पीडीएफच.

घाईगडबड

मी Number करून बघितलं. पाचही डेपो लाल. आता हे पाठवू का कसं 😐

दशांशचिन्ह

पाठव की. आणि वरच्या फॉर्म्युल्यात B2 च्या जागी सगळीकडे ROUND(B2,1) घाला. आमच्याकडे डिस्पॅच ९४.९६ होतं, स्लाइडवर ९५.० दिसतंय, टार्गेट ९५, आणि पट्टी पिवळी. अर्धा तास त्यावरच गेला. जो आकडा दिसतो त्यावरच रंग ठरला पाहिजे. आणि मोठ्या आकड्याला जॉर्जिया फॉन्ट नको, त्यातले अंक वरखाली बसतात, ३-४-५ ओळीखाली लोंबतात.

भोसरीकर_मीनल

सगळं करून बघितलं, चौकोन छान दिसतायत. साहेबांना दाखवलं, बाण राखाडी चालेल म्हणाले, आश्चर्य. पण पिवळ्याची सवलत किती यावर अडलंय. क्वालिटीवाले म्हणतात रिजेक्शनला ०.२, प्रॉडक्शनवाले म्हणतात १.०, म्हणजे ३ टक्के रिजेक्शनसुद्धा पिवळ्यात. तुमच्याकडे हा आकडा कोण ठरवतं?

जुना_क्वालिटीवाला

ज्याचा आकडा त्याने ठरवायचा नाही, एवढं नक्की. आमच्याकडे वर्षाच्या सुरुवातीला टार्गेटबरोबरच लिहून घेतात आणि मधे बदलत नाहीत.

ऊसवाला_वाळवा

आमच्याकडे पिवळा काढूनच टाकला. सगळे तिथेच जाऊन बसायचे.